पोस्ट डिलीट केली, तरी ग्रुपवर बाबांचा फोटो दिसतोच आहे. मदत हवी आहे

रविवारी सकाळी बाबा सारसबागेतून चुकले. त्यांना विस्मरणाचा त्रास आहे. मी घाईघाईने माझ्या वेबसाईटवर पान टाकलं, त्यात त्यांचा फोटो आणि फोटोवरच माझा नंबर. लिंक आमच्या धनकवडीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली. संध्याकाळी स्वारगेटच्या स्टँडवर बाबा सापडले आणि मी पान लगेच काढून टाकलं. आज बुधवार, तरी फोन थांबत नाहीत. चॅटमध्ये फोटो आणि 'हरवले आहेत' तसंच दिसतंय. पान गेलं, मग हे येतं कुठून?
– स्नेहल

बाबा सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. सगळ्यांना व्हॉट्सॅपची कॅशे साफ करायला सांगा, जाईल.
– पर्वतीकर

माझ्या खानावळीचंही तेच! दर बदलले तरी लिंकखाली जुनं मेनूकार्ड येतं.
– अन्नपूर्णा

कॅशेने जाणार नाही. स्नेहलताई, लिंक टाकली तेव्हा तुमच्याच फोनने पान उघडून मथळा आणि छोटा फोटो उचलला आणि मेसेजच्या आत घालून पाठवला. समोरच्याचा फोन तुमच्या साईटकडे गेलाच नाही. खात्री करायची तर नेट बंद करून चॅट उघडा, फोटो दिसेलच. फॉरवर्ड केलं की तोच फोटो बरोबर जातो.

'सर्वांसाठी डिलीट' साधारण अडीच दिवसच चालतं, म्हणजे रविवार सकाळच्या मेसेजची मुदत काल रात्री संपली. आता ज्याच्या त्याच्या फोनमधून ज्याने त्याने काढायचं.

मात्र पान काढलंत ती चूक सुधारा. त्याच पत्त्यावर 'बाबा सापडले, कृपया फोन करू नका' असं नवं पान ठेवा. लिंक दाबणाऱ्याला निदान खरं कळेल. पानाच्या कोडमध्ये लिंकखालचा मथळा आणि फोटो ठरवणारे og:title आणि og:image दोन्ही बदला, फोटोच्या जागी नुसता मजकूर ठेवा. अन्नपूर्णाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. लिंकच्या शेवटी ?v=2 लावून नव्याने टाकून बघा.
– मुकुंद_सर्व्हर

पान पुन्हा चढवलं. पण फोटोचा थेट पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर फोटो अजून उघडतोय!
– स्नेहल

पान आणि फोटोची फाईल वेगवेगळ्या असतात, पान पुसलं म्हणून फाईल जात नाही. मीडिया विभागातून ती वेगळी काढा. टेलिग्रामवर लिंक गेली असेल तर तिथे प्रिव्ह्यू कंपनीच्या सर्व्हरवर असतो. @WebpageBot ला लिंक पाठवली की तो पान नव्याने वाचतो.
– मुकुंद_सर्व्हर

फाईल काढली. ग्रुपवर नवी लिंक टाकली, तिच्याखाली 'सापडले' आलं. पण आत्ताच हडपसरहून एका आजींचा फोन आला. त्यांच्या भजनी मंडळात जुना मेसेज फिरतोय आणि त्या ग्रुपमध्ये माझ्या ओळखीचं कोणी नाही. तिथपर्यंत कसं पोचायचं?
– स्नेहल

त्या आजींनाच नवी लिंक पाठवा. जुन्या मेसेजला उत्तर म्हणून त्यांनी ती मंडळात टाकली, तर दोन्ही एकत्र दिसतील. पुढे कुठे कुठे गेलाय, ते मात्र मलाही सांगता येणार नाही.
– मुकुंद_सर्व्हर