उन्हात काम करताना आलेले अनुभव

ऊन लागल्याचा प्रसंग आपण जवळून पाहिला असल्यास तापमान, कामाचे तास, पाणी आणि पहिले उपचार यांसह तो कृपया लिहावा. सुरुवात मी करतो.

बांधकाम पर्यवेक्षक, पाथर्डी फाटा
एप्रिलअखेरीस, पारा ४० अंशांवर असताना, तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर सळया बांधणारा एक तरुण कामगार पावणेदोनच्या सुमारास मटकन खाली बसला. तो सकाळी आठपासून काम करत होता आणि दुपारी त्याने डबा जवळजवळ तसाच झाकून ठेवला होता, याकडे आमच्यापैकी कोणाचेही लक्ष गेले नाही. अंग घामाने निथळत होते, पोटऱ्यांत गोळे आले होते आणि त्याला मळमळत होते. मात्र नाव-गाव तो नीट सांगत होता. त्याला पार्किंगच्या सावलीत आणून आम्ही बूट-सदरा काढला, पाय विटांच्या थप्पीवर टेकवले, अंगावर पाणी ओतत पुठ्ठ्याने वारा घातला आणि मळमळ कमी झाल्यावर लिटरभर पाण्यात कालवलेले ओआरएस घोट-घोट पाजले. चाळीस मिनिटांत त्याला हुशारी आली. त्या दिवशी त्याला पुन्हा वर पाठवले नाही.

नंतर समजले की पाण्याचा ड्रम तळमजल्यावर असल्याने तो दोनदाच खाली उतरला होता, कारण काम उक्ते होते. शिवाय तीन आठवडे गावी राहून आल्यानंतरचा तो त्याचा दुसराच दिवस होता.

परिचारिका, नाशिकरोड
दुसरा दिवस, हीच यातली मुख्य गोष्ट वाटते. उन्हाची सवय मोडलेली असते आणि ती परत व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला काम कमीच द्यावे. नाव-गाव विचारलेत हे उत्तम केलेत. उत्तर भलतेच आले असते तर तो उष्माघात समजून लगेच १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतत राहायचे. शुद्ध नसल्यास तोंडात थेंबही घालायचा नाही. घाम येतो आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कष्टाच्या कामात उष्माघात झालेल्याचे अंगही ओले असू शकते. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही.

कांदा उत्पादक, निफाड
आमच्याकडे काढणीच्या वेळी प्रत्येकाच्या खिशात कांदा असतो, त्यामुळे कोणाला ऊन लागत नाही. आम्ही सहाला सुरू करून अकराला थांबतो.

परिचारिका
दादा, तुमची माणसे त्या अकराच्या सुट्टीमुळे वाचतात. कांदा भाकरीबरोबर खावा.

भाजी विक्रेत्या, पंचवटी
माझ्याजवळ पाण्याची बाटली असते, पण जवळ शौचालय नाही, म्हणून दुपारभर मी पाणीच पीत नाही. संध्याकाळी डोके ठणकते आणि लघवी गडद पिवळी होते. हे त्यातलेच का?

परिचारिका
ताई, शरीरात पाणी कमी पडत असल्याची ही खूण आहे. तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी जायला हवे. पण जागेच्या अडचणीवर माझ्याकडे उत्तर नाही.

बांधकाम पर्यवेक्षक
आम्ही माठ स्लॅबवरच नेऊन ठेवला आहे. उक्त्या कामात पाणी पिण्याच्या वेळेची मजुरी धरावी, यावर मात्र मुकादमाने अजून होकार दिलेला नाही.