मदत हवी आहे: उद्दिष्टरेषा सरकवताना थांबायचं कुठे? (3, 4) हा बिंदू का सोडायचा?

रेघोट्या:
Z = 4x + 3y ची कमाल किंमत आलेखावरून काढायची आहे. अटी अशा:

```
2x + y ≤ 10
x + y ≤ 6
x + 3y ≤ 15
x, y ≥ 0
```

तिन्ही रेषा काढल्या. मग 4x + 3y = 12 ही रेषा (3, 0) आणि (0, 4) मधून आखली. आता पट्टी धरून गुण्या तिला टेकवून वर सरकवतोय. पहिली आणि तिसरी रेषा (3, 4) ला छेदतात, तिथे Z = 24 येतो. उत्तर मात्र (4, 2) आणि Z = 22 दिलंय. जास्त किंमत देणारा बिंदू समोर दिसत असताना तो का टाकायचा? आणि नुसत्या नजरेने शेवटचा कोपरा ओळखायचा कसा?

अंतर_मोजा:
सोपं आहे. रेषा आरंभबिंदूपासून लांब न्यायची, म्हणजे क्षेत्रातला सगळ्यात लांबचा कोपरा हेच उत्तर.

समांतर:
रेषा लांब न्यायची हे बरोबर, पण लांबचा कोपरा हे नाही. इथे आरंभबिंदूपासून सगळ्यात लांब (5, 0) आणि (0, 5) आहेत. त्यांचा Z येतो 20 आणि 15. (4, 2) त्यांच्यापेक्षा जवळ असूनही 22 देतो. लांब जाते ती रेषा, आणि ती तिरकी आहे.

रेघोट्या, (3, 4) मधली अट तपासा: 3 + 4 = 7, आणि परवानगी 6 पर्यंतच. दोन रेषा छेदल्या म्हणजे कोपरा झाला असं नाही, तो बिंदू उरलेली अटही पाळतो का ते बघावं लागतं. क्षेत्र पेन्सिलीने छायांकित केलंत तर x + y = 6 ही रेषा (3, 4) ला बाहेर ठेवते हे लगेच दिसेल. खरे कोपरे पाचच: (0, 0), (5, 0), (4, 2), (1.5, 4.5), (0, 5).

आता गुण्या सावकाश सरकवा आणि रेषेचा क्षेत्राच्या आत असलेला तुकडा बघत राहा. Z = 20 ला तो (5, 0) पासून (2, 4) पर्यंत आहे. Z = 21 ला आखडून (4.5, 1) ते (3, 3) एवढाच राहतो. Z = 22 ला एकच बिंदू उरतो, (4, 2). त्यापुढे कणभर सरकवलं की आत काहीच नाही. थांबायची जागा तीच. Z = 24 ची रेषा (3, 4) मधून जाते खरी, पण ती अख्खी क्षेत्राबाहेर आहे.

रेघोट्या:
तुकडा आखडताना दिसला, धन्यवाद! पण माझ्या आलेखावर दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं आहे. त्याने उत्तर बदलेल का?

समांतर:
नाही. प्रमाण बदललं तरी समांतर रेषा समांतरच राहतात आणि कोपऱ्यांना भिडायचा क्रमही तोच. फक्त कागदावर लंब अंतर मोजून निष्कर्ष काढू नका.

नजरेवर विसंबायचं नसेल तर चढ बघा, उणे चिन्ह बाजूला ठेवून. (4, 2) ला भेटणाऱ्या रेषांचे चढ 1 आणि 2. तुमच्या Z चा 4/3, म्हणजे मधे. म्हणून तोच कोपरा. उद्या Z = 2.1x + 2y दिला तर गुण्याने काही कळणार नाही, कारण चढ 1 ला अगदी चिकटून आहे. तिथे किंमती घालूनच बघायचं: (4, 2) ला 12.4, (1.5, 4.5) ला 12.15. आणि Z = 3x + 3y असेल तर रेषा त्या दोन कोपऱ्यांमधल्या बाजूवर सपाट बसते. बाजूवरचा प्रत्येक बिंदू 18 देतो, उत्तर एक नाहीच.

कोरा_कागद:
माझं थोडं वेगळं आहे. किमान किंमत हवी आहे, अटी ≥ च्या, आणि क्षेत्र वरच्या बाजूला उघडंच राहतं. मग उत्तर नाही असं लिहायचं का?

समांतर:
लगेच नाही. किमान हवी असेल तर रेषा उलट, Z कमी होईल त्या दिशेने सरकवायची. x + y ≥ 4, x + 3y ≥ 6, x, y ≥ 0 आणि Z = 2x + 3y घ्या. रेषा खाली येत शेवटी (3, 1) ला भिडते, Z = 9. याच क्षेत्रात कमाल मागितली असती तर रेषेला अडवणारं काहीच नव्हतं. तुमच्या अटी इथे टाका, मग नक्की सांगता येईल.

रेघोट्या:
एक राहिलं. Z = 2x + 3y घेतला तर (1.5, 4.5) ला 16.5 येतो. x, y पूर्णांकच हवे असतील तर?

अंतर_मोजा:
दोन्ही खाली उतरवा, (1, 4).

रेघोट्या:
तिथे 14 येतो. (2, 4) सगळ्या अटी पाळतो आणि 16 देतो. मग खाली उतरवण्यापेक्षा आलेखावर आतले सगळे पूर्णांक बिंदू मांडून त्यांच्यावरूनच रेषा सरकवायची का?