शब्दचर्चा: ‘पोस्टिंग डेट’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

भाषांतरकार_सांगली

ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्यातलं खरेदीच्या बिलाचं एक पान मराठीत आणायचं काम चालू आहे. पानावर तारखा तीन आहेत: डॉक्युमेंट डेट, पोस्टिंग डेट आणि एंट्री डेट. आधीच्या भाषांतरात त्यांचं ‘दस्तऐवज दिनांक’, ‘नोंद दिनांक’ आणि ‘नोंदणी दिनांक’ असं केलेलं आहे. पहिला शब्द कसाबसा चालेल, पण दुसरा आणि तिसरा वाचून कोणत्या रकान्यात काय भरायचं हे कुणालाच कळत नाही. ‘पोस्टिंग’ला ‘खतावणी’ घ्यावं का?

रोजमेळ

यात अवघड काय आहे? डॉक्युमेंट डेट म्हणजे बिलावर छापलेली तारीख. पोस्टिंग डेट म्हणजे ज्या दिवशी आपण ‘पोस्ट’चं बटण दाबलं तो दिवस. एंट्री डेट तीच असते, म्हणून ती वेगळी दाखवायची गरजच नाही.

खाते_उतारा

पहिलं बरोबर. दुसऱ्यात मात्र नेहमीचीच चूक झाली. बटण दाबल्याचा दिवस ही एंट्री डेट. ती संगणक स्वतः टिपतो, वापरणाऱ्याला बदलता येत नाही. पोस्टिंग डेट माणूस ठरवतो आणि व्यवहार कोणत्या महिन्याच्या हिशेबात धरायचा हे तिच्यावरून ठरतं. सॅप या ईआरपीमध्ये एकाच व्हाउचरच्या शीर्षकात BLDAT, BUDAT आणि CPUDT असे तीन वेगळे रकाने याच कारणासाठी आहेत: बिलाची तारीख, हिशेबाची तारीख, टाकल्याची तारीख. बहुतेक बिलांत शेवटच्या दोन एकच निघतात, म्हणून त्या एकच आहेत असं वाटतं. फरक दिसतो तो महिनाअखेरीला.

चेकबुक

म्हणजे पोस्ट-डेटेड चेकसारखंच ना? पुढची तारीख घालून आज देतो तो?

खाते_उतारा

नाही, तो ‘पोस्ट’ वेगळा. चेकवरच्या पोस्टचा अर्थ ‘नंतरचा’, म्हणून आपण त्याला पुढच्या तारखेचा चेक म्हणतो. इथला पोस्ट म्हणजे खात्यावर चढवणं. आणि या धाग्यातला त्रास पुढच्या नव्हे, मागच्या तारखेचा आहे.

रोजमेळ

बरं, मान्य. पण मागच्या तारखेला टाकल्याने बिघडतं काय? खर्च मार्चचा असेल तर मार्चमध्येच दिसायला हवा.

खाते_उतारा

दिसायला हवा, यात वाद नाही. गडबड होते ती अहवाल आधीच निघालेला असतो म्हणून. एक हिशेब मांडून बघू. यंत्रदुरुस्तीचं ८४,००० रुपयांचं बिल, वर जीएसटी वेगळा. बिलावर तारीख २८ मार्च. दुरुस्ती मार्चमध्येच झाली, पण कागद लेखा विभागात पोचला ९ एप्रिलला.

५ एप्रिलला मार्चचा नफा-तोटा अहवाल निघाला आणि मालकांकडे गेला. त्यात नफा ६,१०,०००. मग ९ एप्रिलला कारकुनाने हे बिल टाकलं आणि पोस्टिंग डेट ३१ मार्च दिली. १२ एप्रिलला कुणी तोच अहवाल पुन्हा काढला तर नफा ५,२६,०००. दोन्ही कागदांवर शीर्षक एकच, ‘मार्च महिना’. दोन्हींतली बेरीज बिनचूक. फरक एवढाच की अहवाल फक्त पोस्टिंग डेट विचारतो, ‘५ एप्रिलपर्यंत टाकलेलंच घे’ असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे महिना संपला तरी त्याचा अहवाल संपलेला नसतो.

एप्रिलही हलतो. त्या पुरवठादाराची एप्रिलची आरंभीची शिल्लक ५ तारखेच्या उताऱ्यात वेगळी होती, १२ तारखेच्या उताऱ्यात वेगळी. उतारा पुरवठादाराला आधीच पाठवला असेल तर तो फोन करून विचारणारच.

भाषांतरकार_सांगली

मग कारकुनाने काय करायला हवं होतं? पोस्टिंग डेट ९ एप्रिल दिली तर खर्च चुकीच्या महिन्यात जातो.

खाते_उतारा

काम मार्चमध्ये झालं हे ठाऊक असेल तर ३१ मार्चलाच अंदाजाने तरतूद करायची: दुरुस्ती खर्च नावे, अजून न आलेल्या बिलांची तरतूद जमा. १ एप्रिलला तीच उलटवायची. बिल आलं की ९ एप्रिलची पोस्टिंग डेट देऊन टाकायचं, बिलाची तारीख २८ मार्चच ठेवायची. उलटनोंद आणि बिल एप्रिलमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात, खर्च मार्चमध्ये राहतो आणि ५ तारखेचा अहवाल तसाच टिकतो. अंदाज ८०,००० चा होता आणि बिल ८४,००० चं आलं तर ४,००० एप्रिलमध्ये पडतात. एवढं चालतं.

ठाऊकच नसेल तर तरतूद कशाची करणार? तिथे दुरुस्ती करून घेणाऱ्या विभागालाच विचारावं लागतं. तेवढं सॉफ्टवेअर करून देत नाही.

कर_सल्ला

मागच्या तारखेचा आणखी एक तोटा. मार्चचं जीएसटीआर-३बी भरून झाल्यावर कुणी ३१ मार्चच्या तारखेला खरेदी टाकली, तर पुस्तकात मार्चचं इनपुट क्रेडिट विवरणपत्रापेक्षा जास्त दिसतं. मग ताळमेळाच्या वेळी तो फरक कुठून आला हे शोधत बसा. बिलाची तारीख काही झालं तरी बदलायची नाही. पुरवठादाराने तीच भरलेली असते आणि जुळणी तिच्यावरच होते. पोस्टिंग डेट बदलता येते म्हणून काही जण बिलाची तारीखही ‘सोयीची’ करतात, तो वेगळाच गुन्हा.

गोदाम_नं_२

आमचा त्रास मालाचा आहे. मार्चची एक आवक राहून गेली होती, ती ४ एप्रिलला टाकली. त्यानंतर मार्चमध्ये उत्पादनाला दिलेल्या मालाची किंमतच बदलली. त्या नोंदींना कुणी हातही लावला नव्हता. हा सॉफ्टवेअरचा दोष का?

खाते_उतारा

ईआरपीनेक्स्ट वापरता का? सरासरी दराने?

गोदाम_नं_२

हो.

खाते_उतारा

दोष नाही, ते तसंच वागतं. १ मार्चला १०० किलो माल ५० रुपयांनी, म्हणजे ५,००० चा. २० मार्चला ६० किलो उत्पादनाला दिला, ५० च्या दराने ३,०००. आता ४ एप्रिलला तुम्ही १५ मार्चच्या तारखेने १०० किलो ६० रुपयांनी आत घेतले. तारखेच्या क्रमाने पाहिलं तर १५ मार्चला २०० किलो, ११,००० चा माल, दर ५५. म्हणून २० मार्चची जावक आता ५५ ने धरली जाते, ३,३००. मार्चचा कच्च्या मालाचा खर्च ३०० ने वाढला आणि शिल्लक राहिली १४० किलो, ७,७०० ची. १५ मार्चनंतरच्या त्या मालाच्या सगळ्या जावका अशाच पुन्हा मोजल्या जातात. जावका शेकड्याने असतील तर हे काम मागे चालू राहतं आणि ते संपेपर्यंत अहवाल अर्धे जुने, अर्धे नवे दिसतात. त्या वेळात काढलेली छापील प्रत फाडून टाका.

सॅपच्या चल सरासरी दरात मात्र हे होत नाही. तिथे झालेली जावक ३,००० चीच राहते. शिल्लक ४० किलो २,००० चे, त्यात १०० किलो ६,००० चे मिळून १४० किलोंना ८,०००, दर सुमारे ५७.१४. वाढीव ३०० रुपये मार्चच्या खर्चाऐवजी साठ्यात जाऊन बसतात. शिवाय मालाच्या नोंदीला फक्त चालू आणि त्याच्या मागचा एवढेच दोन महिने मिळतात, त्यातलाही मागचा बंद करता येतो. यांतलं बरोबर कोणतं यावर आमच्याकडे लेखापाल आणि गोदामवाले दोघेही कधी एकमत झालेले नाहीत.

रोजमेळ

एवढं कशाला? टॅलीत एकच तारीख असते, कटकट नाही.

कर_सल्ला

एकच नाही. खरेदी व्हाउचरमध्ये पुरवठादाराच्या बिलाचा क्रमांक आणि तारीख वेगळी भरता येते, आणि व्हाउचरची तारीख F2 ने बदलता, तीच पोस्टिंग डेट. नोंद खरोखर कधी केली ते एडिट लॉगमध्ये दिसतं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असा बदलांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअरच वापरायला लागतं. म्हणजे तिसरी तारीख आता लपत नाही.

भाषांतरकार_सांगली

अहवाल निघाल्यावर मागच्या तारखेने काय घुसलं ते शोधायचं कसं?

खाते_उतारा

पोस्टिंग डेट जुनी आणि एंट्री डेट नवी, असं विचारायचं. सॅपमध्ये BKPF या तक्त्यात BUDAT ३१ मार्चपर्यंत आणि CPUDT अहवालाच्या दिवसानंतरची. ईआरपीनेक्स्टमध्ये:

```sql
SELECT voucher_type, voucher_no,
       posting_date, creation, is_cancelled
FROM `tabGL Entry`
WHERE posting_date <= '2025-03-31'
  AND creation > '2025-04-05 18:00:00'
ORDER BY creation;
```

इथे बिलाच्या तक्त्यातला creation घेऊ नका. मसुदा ३ एप्रिलला करून ९ तारखेला सबमिट केला तर बिल ३ तारखेचं दाखवतं आणि हातातून निसटतं. खात्याची ओळ सबमिट झाल्यावरच जन्मते. उलट बाजूने, मालाचे दर पुन्हा मोजताना जुन्या ओळी पुसून नव्याने लिहिल्या जातात, म्हणून यादीत अशीही व्हाउचरं येतील जी कुणी मागच्या तारखेने टाकलेली नाहीत. is_cancelled मुद्दाम घेतलंय: मार्चचं बिल एप्रिलमध्ये रद्द केलं तर तेही सामान्यतः मार्चमधूनच जातं. रद्द करणं हीसुद्धा मागच्या तारखेची नोंद, हे पटकन ध्यानात येत नाही.

गोदाम_नं_२

मग महिना बंदच केला तर?

खाते_उतारा

तेच करायचं, पण एका फटक्यात नाही. सॅपच्या OB52 मध्ये खात्याच्या प्रकारानुसार महिना बंद करता येतो. आधी पुरवठादारांचा, K. तरतुदी बसेपर्यंत सर्वसाधारण खाती, S, उघडी ठेवायची. वर `+` ची ओळ सगळ्यांना लागू असते. ती बंद असेल तर S उघडं असूनही व्हाउचर जात नाही, आणि लोक तासभर भलतीकडे शोधतात. लेखापरीक्षकांच्या वर्षअखेरच्या दुरुस्त्यांसाठी १३ ते १६ हे विशेष कालावधी आहेत. तारीख ३१ मार्चच, पण कालावधी १३, त्यामुळे १ ते १२ चा अहवाल काढला तर जुना आकडाच येतो.

भाषांतरकार_सांगली

शब्दाकडे येऊ. मी ‘बिलाची तारीख’, ‘खतावणी दिनांक’, ‘भरणा दिनांक’ ठेवतोय.

कर_सल्ला

‘भरणा’ नको. बँकेत पैसे भरल्याची तारीख वाटेल. ‘टाकल्याची तारीख’ बोली वाटली तरी नेमकी आहे. ‘बिलाची तारीख’ फक्त खरेदीच्या पानावर ठेवा. जर्नल व्हाउचरला बिल नसतं, तिथे ‘कागदाची तारीख’.

रोजमेळ

‘खतावणी’ मला पटत नाही. कीर्दीतून खात्यावर चढवायचं काम हाताने व्हायचं तेव्हा त्याला खतावणी म्हणत, आणि ती आठवड्याने केली तरी व्यवहाराची तारीख तीच राहायची. म्हणजे जुन्या अर्थाने खतावणीचा दिवस हा कारकुनाचा दिवस झाला, हिशेबाचा नव्हे. मी सुरुवातीला चुकलो तो याच शब्दामुळे!

खाते_उतारा

हा मुद्दा बिनतोड आहे. ‘हिशेब दिनांक’ करा. पान वाचणाऱ्याला ‘हा कोणत्या महिन्यात धरू’ हेच विचारायचं असतं.

कर_सल्ला

पण ‘हिशेब दिनांक’ वाचून कुणाला हिशेब चुकता केल्याची, म्हणजे पैसे दिल्याची तारीख वाटली तर?

भाषांतरकार_सांगली

तीही भीती आहेच. दोन्ही शब्द घालून पान लेखा विभागातल्या चौघांना दाखवतो, कुठे बोट थांबतं ते बघतो. तोवर रकान्याखाली बारीक अक्षरात एक ओळ टाकतोय: ‘हा व्यवहार कोणत्या महिन्यात धरायचा?’

गोदाम_नं_२

ती ओळ आवकेच्या पानावरही टाका.