नंबर बदलला, ओटीपी येत नाही, पैसे मात्र कटतात

> "जुनं सिम बंद झालं, ॲपमध्ये शिरताच येत नाही न् दर महिन्याला २९९ कटतातच. सबस्क्रिप्शन बंद कसं करू?"

भाऊ, ॲपच्या मागे लागूच नका. माझंही असंच झालं होतं, त्यांच्या कस्टमर केअरला चारदा मेल केला, दरवेळी एकच उत्तर, रजिस्टर्ड नंबरवरून लॉगिन करा. अरे तोच तर नाही ना बावा!

पैसे कुठून कटतात ते आधी पहा. माझं डेबिट कार्डवर होतं, म्हणजे परवानगी बँकेकडे, तिला ई-मँडेट म्हणतात. पैसे कटायच्या किमान २४ तास आधी बँकेचा एसएमएस किंवा मेल येतो, त्यात नकार द्यायची सोय असते. मी मेलमधल्या लिंकवर न जाता सरळ नेटबँकिंगमध्ये गेलो, मँडेट रद्द केलं, ओटीपी बँकेतल्या नव्या नंबरवर आला. बँकेतही जुनाच नंबर असेल तर आधी शाखेत जाऊन तो बदला, मी बर्डीच्या शाखेत फॉर्म भरला.

युपीआय असेल तर ज्या युपीआय ॲपमधून सुरू केलं त्यात ऑटोपे उघडून रद्द करा, तिथे युपीआय पिन लागतो.

आधी कटलेले पैसे याने परत येत नाहीत, अन् अकाउंट तसंच राहते. आणि ते 'पुन्हा ओटीपी पाठवा' दाबत बसू नका, जुना नंबर दुसऱ्याला गेला असेल तर कोड त्याच्याकडे जाईल.