मदत हवी आहे : मिटनच्या अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भोक पडतंय

निळीलोकर:
बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असा हातमोजा विणतेय. फेरीत ४० टाके, सुई ४ मिमी. एका टाक्याच्या दोन्ही बाजूंना दर तिसऱ्या फेरीला एकेक टाका वाढवत गसेटचे १३ टाके केले. ते दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यावर ओवून ठेवले, मोकळ्या जागी एक नवा टाका घातला आणि पंजा पुरा केला. आता अंगठ्यासाठी ते १३ सुईवर घेतले आणि मधल्या टाक्यातून एक उचलला, म्हणजे १४. पण दोन्ही कोपऱ्यांत करंगळीचं टोक जाईल एवढं भोक! तिथला आडवा धागा उचलून विणला, तर ते आणखी मोठं झालं. उसवून दोनदा केलंय.

आजीचीसुई:
मी गसेट करतच नाही. सात टाके वेगळ्या दोऱ्याने विणते, तेच परत डाव्या सुईवर घेऊन मूळ लोकरीने विणते. नंतर दोरा काढला की खाली सात, वर सहा टाके मिळतात. भोकं मात्र मलाही पडतात.

निळीलोकर:
ताई, माझं गसेट विणून झालंय, ते मोडायचं नाहीये.

टोकदार:
कोपऱ्यांतून जास्त टाके उचला, दोन-दोन. भोक राहणारच नाही.

उलटसुलट:
जास्त उचलायचे हे बरोबर, पण ते तसेच ठेवले तर अंगठा ढगळ होईल. भोक पडतं कारण थांबवलेले टाके आणि पंजाचे टाके यांना जोडणारा तो एकच धागा दोन्हीकडून ओढला जातो. तो सरळ विणलात की नुसती जाळी होते. त्याला पीळ द्यायचा: सुई पुढून घालून धागा उचला आणि मागच्या बाजूने सुलट विणा.

तुमच्या आकड्यांत सांगते. नवी लोकर वीतभर शेपूट सोडून जोडा. १३ टाके विणा, मग कोपऱ्यात पिळाचा एक, मधला एक, दुसऱ्या कोपऱ्यात पिळाचा एक. झाले १६. पुढच्या फेरीत कोपऱ्यातला प्रत्येक टाका शेजारच्या अंगठ्याच्या टाक्याबरोबर एकत्र विणा, अंगठ्याचा टाका वर दिसेल असा. परत १४. आडवा धागा फारच लोंबत असेल तर त्याला सोडा आणि त्याच्या लगतच्या घट्ट टाक्याचा पाय उचला.

निळीलोकर:
केलं! डावा कोपरा पूर्ण मिटला. उजवीकडे, जिथे नवी लोकर जोडली, तिथे डाळीच्या दाण्याएवढी फट आहे.

उलटसुलट:
तेवढ्यासाठीच शेपूट. सुईत ओवून आतल्या बाजूने फटीभोवतीच्या टाक्यांचे पाय गोल घ्या आणि हलकेच ओढा. जोरात ओढलंत तर बाहेरून चुणी पडते.

टोकदार:
लोकर असेल तर धुतल्यावर ती फट आपोआप भरते.

उलटसुलट:
केसाएवढी असेल तर भरेल. दाण्याएवढीचा मला भरवसा नाही.

निळीलोकर:
दुसऱ्या हाताला मधे एकाऐवजी तीन टाके घालून बघणार आहे. मग पंजाचे ४२ होतील, ते दोन लगेच कमी करू की बोटांपर्यंत तसेच नेऊ?