भरती बंद असताना पगारवाढ मागावी का आणि मागायची तर नेमकी कधी? अंबडमधील कंपनीबाबत मदत हवी आहे

मृण्मयी_ना | 19 जानेवारी

नमस्कार. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, वाहनांसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत गुणवत्ता विभागात चार वर्षांपासून काम करते. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे, त्यांची एट-डी उत्तरे तयार करणे आणि नव्या भागांची पीपीएपी कागदपत्रे पूर्ण करणे हे माझे मूळ काम आहे. ऑगस्टअखेर आमचे एक सहकारी नोकरी सोडून गेले. ते बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी आणि पुरवठादारांचा पाठपुरावा पाहत असत. त्यांच्या जागी कोणी येईल असे सांगितले गेले होते, परंतु ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या मुख्य कार्यालयातून परिपत्रक आले आणि भरती थांबली. तेव्हापासून दोन्ही कामे मीच करत आहे.

माझा एकूण मासिक पगार 46,000 रुपये आहे आणि गेलेल्या सहकाऱ्यांचा 38,000 होता. आमचे वर्ष एप्रिल ते मार्च असे असते, मूल्यमापनाचे फॉर्म मार्चमध्ये भरले जातात आणि वाढीचे पत्र मे महिन्यात हाती येते. मागील वर्षी मला 6 टक्के वाढ मिळाली होती.

कंपनी खर्च कमी करत असताना पगाराचा विषय काढला, तर परिस्थितीचे भान नाही असे साहेबांना वाटेल का, ही माझी पहिली शंका आहे. दुसरी वेळेची आहे: आत्ताच बोलावे, मार्चच्या फॉर्मची वाट पाहावी, की भरती पुन्हा सुरू होईपर्यंत थांबावे?

सिन्नरचा_वाटसरू | 19 जानेवारी

ताई, माझा अनुभव सांगतो, कारण मी नेमकी चूक केली होती. आमच्याकडेही भरती बंद होती. मी दुसऱ्या कंपनीचे नियुक्तीपत्र आणले, ते साहेबांसमोर ठेवले आणि इतका पगार द्या, नाहीतर जातो, असे सांगितले. साहेबांची मला थांबवण्याची इच्छा होती, परंतु मुख्य कार्यालयाने दुसऱ्याच दिवशी राजीनामा मागितला, कारण त्यांच्या दृष्टीने एक माणूस आपोआप कमी होत होता. साठ दिवसांचा नोटीस कालावधी संपत आला, तेव्हा नव्या कंपनीने कळवले की त्यांच्याकडेही भरती थांबली असून रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली आहे. मी साडेतीन महिने घरी बसलो. बाजार मंद असतो तेव्हा तो सगळ्यांसाठीच मंद असतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

जुना_एचआर | 20 जानेवारी

मी मनुष्यबळ विभागात काम केले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. भरती बंद म्हणजे पगारवाढही बंद. अशा काळात पगार मागणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. जो मागतो तो असमाधानी आहे अशी नोंद होते आणि पुढे माणसे कमी करायची वेळ आली की ती नोंद आठवते. शांत राहा, मे महिन्यात जे पत्र मिळेल ते घ्या.

दादा_गंगापूररोड | 20 जानेवारी

कारखान्यात जादा तास काम करवून घेतले, तर दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो. त्यांनी तो दिलेला नसेल तर कामगार कार्यालयात अर्ज करा.

मृण्मयी_ना | 20 जानेवारी

दादा, आपला सल्ला मनापासून आहे, पण माझा प्रश्न तासांचा नाही. मी बहुतेक वेळा साडेसहालाच निघते. प्रश्न जबाबदारी वाढल्याचा आहे.

ताळेबंद_सातपूर | 20 जानेवारी

सातपूरमधील एका कारखान्यात मी अठरा वर्षे वार्षिक अंदाजपत्रक तयार केले आहे, त्यामुळे हा प्रश्न हिशेबाच्या टेबलावरून कसा दिसतो ते सांगू शकेन. त्याआधी मला आपल्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. परिपत्रकात नेमके कोणते शब्द आहेत? आणि कंपनीने केवळ सावधगिरी म्हणून हात आखडता घेतला आहे, की खरोखरच रोख पैसा कमी पडतो आहे?

दुसरी गोष्ट ओळखण्याचे काही मार्ग आपल्याही हातात आहेत. पगाराची तारीख पुढे सरकली आहे का, ते पाहा. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडून मागच्या प्रत्येक महिन्याची रक्कम जमा झाली आहे का ते तपासा. ती पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावी लागते आणि रोखीची चणचण असलेल्या कंपनीत अनेकदा ही रक्कम आधी रखडते. आपण पुरवठादारांशी रोज बोलता, तेव्हा त्यांची बिले वेळेवर निघत आहेत का, हे आपल्याला कोणाहीपेक्षा लवकर कळेल. कंपनीच्या बँक कर्जाला पतमानांकन असेल, तर क्रिसिल, इक्रा, केअर अशा संस्थांच्या संकेतस्थळावर त्यामागची कारणे विनामूल्य वाचायला मिळतात. त्यात मागणी घटली आहे की येणी अडकली आहेत, हे बरेचदा स्वच्छ लिहिलेले असते.

मृण्मयी_ना | 21 जानेवारी

परिपत्रक पुन्हा वाचले. नवीन भरती आणि सोडून गेलेल्यांच्या जागी होणारी भरती पुढील आदेशापर्यंत स्थगित आहे, ओव्हरटाइम आणि प्रवासखर्चाला प्लांट हेडची मंजुरी लागेल, एवढेच त्यात आहे. पगारवाढीचा उल्लेखच नाही. पगार प्रत्येक महिन्यात वेळेवर झाला, पासबुकात डिसेंबरपर्यंतची रक्कम दिसते आणि पुरवठादारांची बिले नेहमीच्या मुदतीत निघत आहेत. आमच्या एका मोठ्या ग्राहकाने चाकणच्या प्रकल्पासाठीची मागणी कमी केली, त्यामुळे तिसरी पाळी मात्र बंद झाली आहे.

ताळेबंद_सातपूर | 21 जानेवारी

मग आपल्याकडे माणसांची संख्या गोठवली आहे, पगार नव्हे. जुना_एचआर यांनी या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत. माणसे कमी करण्याची यादी खरोखर बनत असेल, तर त्यांचा इशारा रास्त आहे आणि तेव्हा मीही गप्प राहायला सांगेन. परंतु कंत्राटी कामगार कमी होणे, स्वेच्छानिवृत्तीची कुजबुज, विभागवार माणसांची माहिती मागवली जाणे, असे काही आपण लिहिलेले नाही.

आता वेळेचा मुद्दा, कारण सगळे तिथेच अडते. आपल्या सहकाऱ्यांचे 38,000 रुपये चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात अजून आहेत. माणूस गेला तरी त्या जागेची ओळ 31 मार्चपर्यंत तशीच राहते. सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांत त्या एका ओळीवर 1,90,000 रुपये वाचले आहेत. फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे आकडे मागवले जातात, तेव्हा मुख्य कार्यालय प्रत्येक रिकाम्या जागेबद्दल विचारते की ही ठेवायची की काढायची. पाच महिने काम अडले नाही म्हटल्यावर ती जागा काढली जाते. एकदा ती ओळ गेली की आपल्यासाठी पैसा फक्त वार्षिक वाढीच्या रकमेतून येऊ शकतो आणि त्या रकमेला विभागाची टक्क्यांची मर्यादा असते. मार्चमध्ये फॉर्म भरताना आपण कितीही चांगले लिहिले, तरी साहेबांना आपल्याला जास्त देण्यासाठी दुसऱ्याचे कमी करावे लागेल आणि ते सहसा तसे करत नाहीत.

म्हणून मागणी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात करावी आणि ती पगारवाढ म्हणून न करता बदललेल्या जबाबदारीनुसार पगारदुरुस्ती म्हणून करावी. वार्षिक वाढ वेगळी राहू द्यावी. समजा आपण महिन्याला 8,000 मागितले. आपल्या पगाराशी तुलना केली तर ती सतरा टक्क्यांहून अधिक वाढ दिसते आणि पहिल्याच टेबलावर अडते. तीच रक्कम रिकाम्या जागेशी ताडून पाहिली, तर 4,56,000 च्या वार्षिक खर्चातून 96,000 आपल्याला, म्हणजे पाचव्या हिश्शापेक्षा थोडे अधिक, आणि उरलेले कंपनीला. साहेबांना वरच्या माणसाला हेच सांगता येते.

ताकाला जाऊन भांडे लपवू नका. आकडा पहिल्या भेटीतच सांगा आणि अर्ध्या पानाचे टिपण द्या, कारण निर्णय पुण्यात होणार आहे आणि तिथे आपण नसाल, ते टिपण असेल. त्यात सप्टेंबरपासून कोणती कामे आपल्याकडे आली आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढेच असावे. पुरवठादारांच्या मालामुळे ग्राहकाने लावलेल्या डेबिट नोटा आधी किती होत्या आणि नंतर किती, हा आकडा मिळतो का पाहा. ताण आणि घरखर्च यांचा उल्लेख टाळा. ग्राहकाचे ऑडिट असलेल्या आठवड्यात जाऊ नका, आणि सिन्नरच्या दादांनी सांगितलेले नियुक्तीपत्राचे हत्यार तर मुळीच काढू नका.

जुना_एचआर | 22 जानेवारी

रिकाम्या जागेचा पैसा विभागाचा असतो, हे सगळीकडे खरे नाही. आमच्याकडे माणूस गेला की त्याच महिन्यात ती रक्कम मुख्य कार्यालय परत घेत असे.

ताळेबंद_सातपूर | 22 जानेवारी

बरोबर आहे, अशाही कंपन्या आहेत. म्हणून मृण्मयीताईंनी आधी लेखा विभागात सहज विचारून घ्यावे की ती जागा अजून मंजूर मनुष्यबळात धरली आहे का. धरलेली नसेल, तर माझ्या युक्तिवादाचा अर्धा जोर जातो.

मृण्मयी_ना | 12 फेब्रुवारी

जागा मंजूर यादीत होती. 3 फेब्रुवारीला प्लांट हेडना भेटले. टिपणात लिहिले होते की प्लेटिंगच्या दोषांमुळे ऑगस्टपर्यंतच्या पाच महिन्यांत ग्राहकाच्या सात डेबिट नोटा आल्या होत्या आणि सप्टेंबरपासूनच्या पाच महिन्यांत दोन आल्या, कारण मी त्या पुरवठादाराकडे दर पंधरवड्याला स्वतः जाऊन जाडीची मोजणी सुरू केली. त्यांनी ते दोनदा वाचले आणि रागावले तर मुळीच नाहीत. काल त्यांनी दोन पर्याय सांगितले. पहिला, 1 एप्रिलपासून महिन्याला 5,000, परंतु त्याला पुण्याची मंजुरी लागेल आणि ती मिळेलच असे ते म्हणत नाहीत. दुसरा, चालू वर्षाच्या बचतीतून मार्चमध्ये एकरकमी 75,000, जे त्यांच्या स्वतःच्या अधिकारात आहे. मी काय निवडावे?

ताळेबंद_सातपूर | 12 फेब्रुवारी

75,000 म्हणजे पंधरा महिन्यांचे 5,000. त्याहून जास्त काळ आपण तिथे राहणार असाल, तर मासिक वाढ फायद्याची, कारण पुढची प्रत्येक टक्केवारी तिच्यावर मोजली जाईल. एकरकमी रक्कम घेतल्यास वर्षाच्या आत नोकरी सोडली तर ती परत करावी लागेल अशी अट आहे का, हे पत्रात आधी वाचा. मी असतो तर मासिक वाढीची शिफारस लेखी पाठवायला सांगितले असते.

सिन्नरचा_वाटसरू | 12 फेब्रुवारी

माझे मत उलट आहे. पुण्याहून नकार आला तर मार्च संपलेला असेल आणि 75,000 ही जातील. हातात येते ते आधी घ्या आणि मासिक वाढीचा विषय सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असे ईमेलवर लिहून घ्या.

मृण्मयी_ना | 13 फेब्रुवारी

दोन्ही मते पटतात, म्हणूनच अडचण आहे. पुण्याचे उत्तर 20 मार्चच्या आत येऊ शकेल का आणि नकार आल्यास एकरकमी पर्याय तोपर्यंत खुला राहील का, हे आज साहेबांना ईमेलने विचारले आहे. उत्तर आले की इथे कळवते.