‘स्पॉइल्ड आयडेंटिटी’ मराठीत कशी सांगावी? मनोरुग्णालयातून घरी परतलेल्यांसाठी शब्द हवा आहे

मृणाल : मानसोपचार वॉर्डातून पेशंटला घरी सोडताना नातेवाइकांच्या हातात द्यायची एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. आधाराला समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनचं १९६३चं ‘स्टिग्मा’ हे पुस्तक घेतलंय. ‘स्टिग्मा’ला सरकारी छपाईत सर्रास ‘कलंक’ म्हणतात, म्हणून त्याच्या ‘स्पॉइल्ड आयडेंटिटी’ला, म्हणजे लोकांच्या नजरेत खराब झालेल्या ओळखीला, मी ‘कलंकित ओळख’ लिहिलं. मसुदा वाचून दाखवला तर एका पेशंटच्या आईनं विचारलं, “म्हणजे माझ्या मुलानं केलं काय?” दुसरा शब्द सुचवा.

दिनकर : माझ्या मते ‘कलंक’च ठेवा. मूळ ग्रीक शब्दही डागण्याचाच, गुलामांना आणि गुन्हेगारांना खूण करायचे. आणि कलंक म्हटलं की गुन्हा आलाच असं नाही. चंद्रावर कलंक आहे, त्यानं बिचाऱ्यानं काय केलंय?

शुभदा : दिनकरराव, पुराणातल्या चंद्रानं गुरुपत्नी तारेला पळवलं होतं. त्या आईचा कान अगदी बरोबर आहे!

मी मनोरुग्णालयात समाजसेविका होते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. गॉफमन हे सगळं नुसतं खुर्चीत बसून लिहीत नव्हता. १९५५-५६ला तो वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मोठ्या मनोरुग्णालयात वर्षभर वावरला, कागदोपत्री क्रीडा विभागाचा मदतनीस म्हणून. ‘स्टिग्मा’त तो दोन परिस्थिती वेगळ्या काढतो. एक, लोकांना तुमची गोष्ट आधीच माहीत आहे. दुसरी, अजून माहीत नाही, पण कधीही फुटू शकते. पहिलीत समोरच्याचं अवघडलेपण सांभाळायचं असतं. दुसरीत बातमी सांभाळायची असते : कुणाला सांगायचं, काय, कधी, किती. घरी परतलेला माणूस एका दिवसात दोन्हींतून जातो. घरात सगळ्यांना ठाऊक, गल्लीत कुणकुण, कामावर कुणालाच पत्ता नाही. ‘शिक्का बसणे’ पहिलीला चालेल. दुसरीत शिक्का अजून बसलेलाच नसतो.

प्रभाकर : माझ्या भाच्याचा हाच प्रश्न आहे. डिस्चार्ज कार्डावर मनोरुग्णालयाचं नाव छापलेलं आहे आणि कंपनी रजेसाठी तेच मागते. ओळख खराब होऊ नये म्हणून दुसऱ्या नावाचं कार्ड मिळतं का?

मृणाल : काका, मी शब्दाबद्दल विचारत होते. पण हेही पुस्तिकेत हवंच आहे. शुभदाताई?

शुभदा : खोटं कार्ड मागू नका, कुणी देऊही नये. डॉक्टरांकडे ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत उपचार चालू होते, आता कामावर रुजू होण्यास योग्य’ एवढाच दाखला मागा. आजाराचं नाव लिहू नका म्हणून सांगायचं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आजार आणि उपचारांबद्दल गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. अडचण अशी की लेटरहेडवर ‘मनोविकारतज्ज्ञ’ छापलेलं असतंच. नुसतं लेटरहेड वाचूनही माणसं ओळखतात.

आता माझ्याकडची एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. तिशीतला मुलगा, खत-बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहायचा. मॅनियाचा झटका आला, महिनाभराहून जास्त ॲडमिट होता. घरच्यांनी सगळीकडे ‘कावीळ झालीय’ असं सांगितलं. निमित्त चांगलं होतं, लांब सुट्टी आणि भेटायला येऊ नका, दोन्ही खपून जातं. पण परत आला तो वजन वाढवून. लिथियमच्या गोळ्यांनी हात कापायचे, तहान सारखी, टेबलावर कायम पाण्याची बाटली. कावीळवाला अंगानं भरत नाही. शिवाय रक्तातलं लिथियमचं प्रमाण तपासायला वरचेवर लॅबमध्ये जावं लागे. मग ‘थायरॉइड निघालं’ सांगितलं. तिकडे मावशीनं काविळीचं झाडपाल्याचं औषध आणलं, ते घ्यायचं नाही तर कारण काय सांगायचं? एक थाप झाकायला दुसरी, हे गॉफमननंही नोंदवलंय. पण या मुलाचं झालं ते वेगळंच. कावीळ आणि कापणारे हात, दुकानातल्या माणसांनी दोन्ही जोडलं : हा पितो!

दिनकर : म्हणजे एका बट्ट्यातून सुटायला दुसरा.

थांबा, ‘बट्टा’च का नको? मूळ शब्द सराफी व्यवहारातला. नाणं झिजलेलं किंवा परमुलखातलं असलं की सराफ पूर्ण किंमत देत नसे, बट्टा कापून घेई. नाणं चालतं, पण कमी भावानं.

शुभदा : हे मात्र फार नेमकं सापडलं. पूर्ण माणूस लोकांच्या मनात घटून जातो, असंच गॉफमन पहिल्या प्रकरणात म्हणतो. तो मुलगा पुढे मालकाशी एकट्यात बोलला. वाक्य आम्ही बसून तयार केलं होतं : “झोप उडून डोकं फार वेगात चालण्याचा आजार झाला होता, दवाखान्यात होतो, गोळ्या चालू आहेत, तपासणीला अधूनमधून अर्धा दिवस लागेल.” मालकानं ठेवलं. पण गल्ल्यावरून काढून गोदामाच्या नोंदींवर बसवलं, पगार तोच. बट्टा कापला म्हणायचा तो असा.

नीलम : मी स्वतः ॲडमिट राहून आलेली आहे, म्हणून लिहिते. बट्टा शब्द मला नको. ‘घराण्याच्या नावाला बट्टा’ हे आमच्याकडे मुलींनाच ऐकवतात. माझ्या धाकट्या बहिणीचं स्थळ मोडलं तेव्हा मी हेच ऐकलंय.

आणि तुम्ही सगळे बाहेरच्यांबद्दल बोलताय. माझा प्रश्न घरातला आहे. मला रागवायची चोरी झालीय. दूध उतू गेलं म्हणून नवऱ्यावर आवाज चढला की तो लगेच, “गोळी घेतलीस का?” मग मी मुद्दाम हळू बोलते. तर सासूबाई म्हणतात, “गप्प गप्प का? परत काही होतंय का?” या प्रकाराला तुमच्या पुस्तकात शब्द आहे का?

शुभदा : शब्द नाही, पण प्रसंग आहे. मनोरुग्णालयातून आलेली माणसं जोडीदाराशी किंवा साहेबाशी कडक बोलायला कचरतात, कारण चिडणंसुद्धा लक्षण समजलं जाईल, असं त्यानं लिहिलंय. मात्र एक सांगते, घरच्यांची भीती सगळीच खोटी नसते. झोप सलग दोन-तीन रात्री उडाली आणि तरी थकवा नाही, तर बघायलाच हवं. दुधावरून चिडणं त्यात येत नाही.

मृणाल : मग ‘स्पॉइल्ड आयडेंटिटी’ शब्दशः घेतच नाही. ‘एकदा नाव पडलं की’ असं लिहू का? बोलताना लोक तसंच म्हणतात.

दिनकर : ‘नाव पडणे’ म्हणजे टोपणनाव पडणे. माझं मत बट्ट्यालाच.

नीलम : आमच्या भागात ‘नाव पडलं’ म्हणजे बदनामी झाली असाच अर्थ आहे. तेच ठेवा. आणि कावीळवाली गोष्ट घ्याल तर गल्ल्यावरून काढलं तेही लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की खरं सांगितलं की मिटलं.

प्रभाकर : दाखल्याचा मजकूर नमुना म्हणून छापा. भाच्याला तेवढं पुरेल.

नीलम : अजून एक घाला : गोळीचं भांडणात विचारू नका. रात्री जेवणं झाल्यावर विचारा, रोज त्याच वेळी.